मोठ्या अक्षरात म्हणजे नेमकं किती मोठ्या?

बी.कॉम.च्या पहिल्या सेमिस्टरला मी परीक्षेसाठी जे पत्र दिलं, ते दोन ओळींचं होतं. ‘मला दृष्टिदोष असल्यामुळे परीक्षेत पुढच्या बाकावर बसवावे व प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात मिळावी, ही नम्र विनंती.’ प्राचार्यांनी ते वाचलं, आपुलकीने चौकशी केली आणि तिथल्या तिथे ‘मान्य’ असं लिहून सही केली. मी घरी येऊन अम्मीला सांगितलं की काम झालं.

काम झालं नव्हतं. अकाउंट्सच्या पेपरला मला खरोखरच पहिला बाक मिळाला, पण तो दाराला लागून होता आणि दार पूर्वेचं. सकाळचं ऊन थेट बाकावर येत होतं. प्रश्नपत्रिकाही ‘मोठी’ होती, म्हणजे नेहमीची प्रश्नपत्रिका झेरॉक्स मशीनवर ए-३ कागदावर वाढवून काढलेली. बाकावर तो कागद पसरला की उत्तरपत्रिकेला जागा उरेना. हातात धरला तर मधोमध दुमडायचा. सगळ्यांना मिळालेल्या कागदावर विद्यापीठाचा फिकट वॉटरमार्क तिरका छापलेला असतो. माझ्या कागदावर अक्षरांबरोबर तोही वाढला होता.

त्या पेपरात ट्रायल बॅलन्स दिला होता आणि अंतिम खाती तयार करायची होती. खरेदीचा आकडा मी ३३,६०० वाचला. तो ३८,६०० होता. इंग्रजी आकड्यांतल्या आठाची डावी बाजू झेरॉक्समध्ये थोडी पुसली की त्याचा तीन होतो. ताळेबंद ५,००० रुपयांनी जुळेना. मी पंचवीस मिनिटं माझ्या आकडेमोडीत चूक शोधत बसले. चूक तिथे नव्हतीच. त्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मी लिहूच शकले नाही.

नकार मिळाला असता तर मी वर दाद मागितली असती. होकार मिळाला होता, कागदावर सहीसुद्धा होती. तक्रार कशाची करायची, तेच मला कळेना. गेल्या दोन वर्षांत माझं मत असं झालं आहे की आमच्यासारख्यांचं नुकसान नकारापेक्षा अशा मोघम होकारानेच जास्त होतं. आणि होकार मोघम येतो, कारण मागणी मोघम असते. ‘मोठ्या अक्षरात’ याचा अर्थ परीक्षा विभागातल्या क्लार्कने काय घ्यावा? त्याच्याकडे झेरॉक्स मशीन आहे, त्यावर वाढवायचं बटण आहे. त्याने ते दाबलं. त्याच्या बाजूने त्याने विनंती मान्य केली.

मला काय दिसतं, ते आधी सांगायला हवं. नववीत असताना फळ्यावरचं दिसेनासं झालं. चष्मा लावला, बदलला, काही उपयोग झाला नाही. पुढे तपासणीत स्टारगार्ट नावाचा पडद्याचा आजार निघाला. यात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो खराब होतो. कडेची नजर बऱ्यापैकी राहते. म्हणून मी रस्त्याने चालताना कुणाला धडकत नाही, आणि लोकांना वाटतं हिला सगळं दिसतं. प्रमाणपत्रावर माझ्या दोन्ही डोळ्यांची नजर ६/६० अशी लिहिली आहे. इतरांना जे साठ मीटरवरून दिसतं, ते मला सहा मीटरवरून दिसतं. त्याचे ४० टक्के होतात, म्हणजे दिव्यांगत्वाच्या कायद्याने घातलेल्या उंबरठ्यावर मी बरोबर उभी आहे.

आता यातली मेख. ६/६० ही लांबची नजर आहे. प्रश्नपत्रिका जवळून वाचायची असते. जवळचं किती बारीक अक्षर वाचता येतं, हे डोळ्यांचे डॉक्टर वेगळ्या तक्त्यावर तपासतात आणि एन-८, एन-१२, एन-१८ असं लिहितात. हा आकडा साधारणपणे छापखान्यातल्या पॉइंटचाच असतो. प्रमाणपत्रावर तो नसतो. त्यामुळे प्रमाणपत्राची प्रत जोडूनही परीक्षा विभागाला हे कळत नाही की या मुलीला किती आकाराचं अक्षर लागतं. दुसऱ्या सेमिस्टरआधी मी डॉक्टरांकडून एका साध्या चिठ्ठीवर हे लिहून घेतलं: पंधरा सेंटिमीटर अंतरावरून एन-१२.

म्हणजे मला बारा पॉइंटचं अक्षर चालेल का? नाही, आणि इथे बरेच जण फसतात. एन-१२ म्हणजे मी कशीबशी ओळखू शकते ते सर्वांत लहान अक्षर. तीन तास त्याच आकारात वाचायचं म्हणजे तीन तास चवड्यावर उभं राहायचं. सलग वाचायला याच्या दीडपट ते दुप्पट आकार लागतो. नेमका किती, ते घरी शोधता येतं.

आमचे अब्बा लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतात, त्यामुळे घरात पॉइंट हा शब्द रोजचा. त्यांनी जुन्या प्रश्नपत्रिकांतले सहा परिच्छेद घेतले आणि एकेक परिच्छेद वेगळ्या आकारात छापला: १२, १४, १६, १८, २० आणि २४. मी कागद तेवढ्याच अंतरावर धरून मोठ्याने वाचायचं, भावाने मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि शब्द मोजायचे. बाराला मी अडखळतच राहिले. चौदाला मिनिटाला ३१ शब्द झाले, सोळाला ४४, अठराला ५८, विसाला ६३ आणि चोविसाला ६४. विसाच्या पुढे वेग वाढायचा थांबला. माझा आकार वीस. त्याहून मोठं अक्षर मागितलं तर फायदा काही नाही, उलट पानं वाढतात आणि ओळ शोधण्यात वेळ जातो.

हे ज्याचं त्याने मोजायला हवं. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात उलटं होतं, कडेची नजर जाते आणि मधली राहते, नळीतून पाहिल्यासारखी. अशा मुलाला फार मोठं अक्षर दिलं तर त्याच्या नजरेच्या वर्तुळात दोन-तीनच अक्षरं मावतात आणि तो आणखी हळू वाचतो. लिपीनेही फरक पडतो. त्याच पॉइंटमधली देवनागरी इंग्रजीपेक्षा बारीक दिसते, कारण मात्रा, रफार आणि उकार यांना त्याच उंचीत जागा करून द्यावी लागते. दहावीपर्यंत मी उर्दू माध्यमात शिकले. नस्तालिक लिपीत बे, पे, ते, से यांत फरक फक्त नुक्त्यांचा, आणि नजर जाते तेव्हा सर्वांत आधी नुक्ते जातात. बोर्डाच्या परीक्षेत मी अर्ध्याहून जास्त शब्द संदर्भाने ओळखले होते. धड्याच्या उताऱ्यात ते चालतं. ट्रायल बॅलन्समध्ये संदर्भ नसतो. ३८,६०० च्या जागी ३३,६०० वाचला तर वाक्य बिघडत नाही, म्हणून आपण थांबतही नाही.

आता झेरॉक्सचा हिशोब पाहा. ए-४ चा ए-३ केला की अक्षर १.४१ पट होतं. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका बहुधा दहा पॉइंटमध्ये असते. म्हणजे वाढवून ती चौदाची झाली, आणि चौदाला माझा वेग निम्मा आहे. दहाचे वीस करायचे तर लांबीत दुप्पट आणि रुंदीतही दुप्पट, म्हणजे एका पानाला चार पानांची जागा लागेल. तेवढा कागद बाकावर मावत नाही. म्हणून झेरॉक्स हा मार्गच नाही. मजकूर नव्या आकारात पुन्हा लावून साध्या ए-४ वर छापावा लागतो. पानं तीनाची दहा होतील, पण प्रत्येक पान हातात धरता येईल.

हे म्हटलं की परीक्षा विभागाकडून दोन अडचणी सांगितल्या जातात. पहिली गोपनीयतेची. ती मला पटत नाही. इंग्रजी प्रश्नपत्रिकेचं मराठी भाषांतर कुणीतरी गोपनीयता पाळूनच करतं. तोच माणूस त्याच बैठकीत तीच फाइल वीस पॉइंटमध्येही लावू शकतो. दुसरी अडचण खरी आहे आणि ती अब्बांनी मला समजावली. मराठी मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सगळी गिचमिड दिसते. आता प्रश्नपत्रिका केंद्रावर परीक्षेच्या दिवशी सकाळी संगणकावरून येते आणि तिथेच छापली जाते. आलेली फाइल पीडीएफ असते. तेवढ्या वेळात केंद्रावरचा माणूस ती नव्याने लावू शकत नाही, कितीही मनात असलं तरी. म्हणून ही मागणी केंद्राकडे करून उपयोग नाही. ती विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे, पेपर तयार होण्याआधी पोचली पाहिजे. माझं पहिलं पत्र परीक्षेच्या आधी आठ दिवस कॉलेजात पोचलं होतं आणि कॉलेजातच राहिलं होतं.

पुढच्या बाकाचंही असंच आहे. वर्गात पुढे बसायचं ते फळ्यासाठी. परीक्षेत फळा कशाला लागतो? एका कामाला लागतो. प्रश्नपत्रिकेत छपाईची चूक निघाली की दुरुस्ती फळ्यावर लिहितात. सहा मीटरवरून मला दिसणारं सर्वांत लहान अक्षर साधारण नऊ सेंटिमीटर उंचीचं असतं, आणि इतकं मोठं फळ्यावर कुणी लिहीत नाही. दोन मीटरवरून तीन सेंटिमीटरचं पुरतं. म्हणून पहिला बाक. तरीही दुरुस्ती मला तोंडी सांगावी, एवढं मी पत्रात लिहिते.

पण माझ्यासाठी पुढच्या बाकाचं मोठं कारण वेगळं आहे. मधली नजर गेल्यामुळे मी कडेच्या नजरेने वाचते. मला समोरचा शब्द वाचायचा असेल तर डोळे थोडे बाजूला आणि वर न्यावे लागतात. बघणाऱ्याला वाटतं, मी शेजारच्या पेपरात बघते आहे. पहिल्या वर्षी एका पर्यवेक्षकांनी मला दोनदा उठवून विचारलं. दुसऱ्यांदा सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. समोर कुणी नाही आणि बाजूचा बाक रिकामा, असं असलं की हा प्रश्नच येत नाही. उजेडाचंही लिहावं लागतं. या आजारात झगझगीत प्रकाश सहन होत नाही. खिडकी किंवा दार समोर नको, उजेड डाव्या बाजूने किंवा मागून यावा, म्हणजे लिहिताना हाताची सावलीही पडत नाही. नुसतं ‘पुढे बसवा’ म्हटलं की दाराजवळचा बाक मिळतो, कारण तिथून दिव्यांग मुलीला जायला सोयीचं पडेल असं लोकांना वाटतं.

तिसऱ्या सेमिस्टरला, परीक्षेचा फॉर्म भरला त्याच दिवशी, मी हे पत्र दिलं. कुणाला उपयोगी पडलं तर घ्यावं, म्हणून मुख्य भाग इथे देते.

‘प्रति, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ. मार्फत: मा. प्राचार्य. विषय: अल्पदृष्टी परीक्षार्थीस मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका व योग्य आसनव्यवस्था मिळणेबाबत. महोदय, मला दोन्ही डोळ्यांनी अल्पदृष्टी असून प्रमाण ४० टक्के आहे. मी स्वतः वाचू व लिहू शकते. मला लेखनिक नको आहे. सोबतच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार माझी जवळची दृष्टी एन-१२ असून सलग वाचनासाठी मला २० पॉइंट अक्षर लागते. तरी प्रश्नपत्रिका २० पॉइंटमध्ये, साध्या सरळ फॉन्टमध्ये, ए-४ कागदाच्या एका बाजूस, दीड ओळीच्या अंतराने व वॉटरमार्कशिवाय छापून मिळावी. आकड्यांचा तक्ता दोन पानांत तोडू नये. मूळ प्रश्नपत्रिका झेरॉक्सवर वाढवून दिल्यास अक्षर १४ पॉइंटच होते व ते मला पुरत नाही. नमुन्यादाखल २० पॉइंटमध्ये छापलेले एक पान सोबत जोडले आहे. आसन पहिल्या रांगेत, दार व खिडकी समोर न येईल असे असावे. मी वाचताना नजर बाजूला वळलेली दिसते, याची पर्यवेक्षकांना पूर्वकल्पना द्यावी. नियमाप्रमाणे तासाला २० मिनिटे, म्हणजे अडीच तासांच्या प्रश्नपत्रिकेस ५० मिनिटे जादा वेळ मिळावा.’

संदर्भ म्हणून दोनच गोष्टी लिहिल्या. एक, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १७, ज्यात परीक्षा पद्धतीत योग्य बदल करण्याचं सांगितलं आहे. दुसरी, केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची २९ ऑगस्ट २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं. ब्रेल, संगणक, मोठी अक्षरं यांपैकी परीक्षा कशी द्यायची याची निवड परीक्षार्थीने करायची, असं त्यात आहे. जादा वेळेचंही त्यातच आहे. ज्यांचं प्रमाण ४० टक्क्यांहून कमी आहे त्यांनी विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग हा सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकाल पाहावा. तो लेखनिकाबद्दल आहे, पण ४० टक्क्यांचा उंबरठा दाखवून गरजेची सोय नाकारता येत नाही, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

पत्रातलं ‘मला लेखनिक नको’ हे वाक्य मी मुद्दाम घातलं. कारण दुसऱ्या सेमिस्टरला मला तेच सुचवलं गेलं: ‘लेखनिक घे ना, म्हणजे प्रश्नच मिटला.’ प्रश्न मिटतो तो कार्यालयाचा. लेखनिक आला की काही छापायला नको. मी एक पेपर तसा दिला. मुलगी चांगली होती, मन लावून वाचत होती. पण वीस नोंदींचा तक्ता कानाने ऐकून डोक्यात उभा करायचा, मग ‘सातवी नोंद परत वाच’, ‘त्याच्या वरची’, असं चालू. जे पूर्ण अंध आहेत त्यांना लहानपणापासून ऐकून शिकायची सवय असते. मला ती नाही. मी डोळ्यांनी शिकले आहे, डोळे अजून आहेत, त्यांना फक्त वीस पॉइंट हवेत.

घरच्या बाजूचंही थोडं लिहायला हवं. अकरावीपर्यंत माझं प्रमाणपत्रच काढलेलं नव्हतं. अम्मी म्हणायची, एकदा सरकारी कागदावर आलं की सगळ्या मोहल्ल्याला कळेल, उद्या स्थळं बघताना काय सांगायचं? तिला दोष द्यायचा नाही. मुलाला चष्मा लागला तर तो हुशार ठरतो आणि मुलीला लागला तर खोट ठरते, हे तिने पाहिलेलं आहे. पण त्या दोन वर्षांचा परिणाम असा की दहावीला मी कसलीही सवलत न घेता बसले आणि गणितात जेमतेम पास झाले. या पत्राच्या वेळी नमुन्याचं पान अम्मीनेच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच कपाटात ठेवली तीही तिनेच.

पत्राचं काय झालं? पाच पेपरांपैकी तीन वीस पॉइंटमध्ये आले. अकाउंट्सचा त्यात होता. पहिल्यांदाच मी ट्रायल बॅलन्सची बेरीज लिहायला घेण्यापूर्वी तपासून पाहिली आणि ती जुळली. उरलेले दोन पेपर पुन्हा ए-३ झेरॉक्स होते. त्यातल्या पहिल्या दिवशी मी केंद्रप्रमुखांना विनंती केली की मला झेरॉक्स दिल्याची नोंद आजच्या अहवालात करा. ते थोडे नाराज झाले, पण नोंद केली. त्यांनी मला एक उपयोगाची गोष्टही सांगितली: हे दोन पेपर दुसऱ्या अभ्यासमंडळाचे आहेत, तिथे तुझं पत्र गेलेलं दिसत नाही. म्हणजे एका पत्राच्या आतून किती प्रती निघायला हव्यात, हे मला तेव्हा कळलं.

विद्यापीठाच्या परीक्षा अर्जात ‘दिव्यांग: होय / नाही’ असा एक रकाना आहे. ‘होय’ केलं की पुढे टक्केवारी विचारतात आणि प्रमाणपत्र अपलोड करायला सांगतात. किती पॉइंटचं अक्षर लागतं, उजेड कुठून हवा, लेखनिक हवा की छापील, यातलं काही विचारत नाहीत. हे तीन प्रश्न तिथेच विचारले आणि उत्तर थेट पेपर लावणाऱ्याच्या यादीत गेलं, तर मला किंवा कुणालाच दर सहा महिन्यांनी पत्र घेऊन कार्यालयाच्या दाराशी उभं राहावं लागणार नाही. अर्जात रकाना वाढवणं हे संगणक विभागाचं अर्ध्या दिवसाचं काम असेल. ही मागणी मी वेगळ्या पत्राने केली आहे. त्याला अजून उत्तर नाही.

चौथ्या सेमिस्टरचे फॉर्म पुढच्या महिन्यात सुटतील. या वेळी पत्रात प्रत्येक विषयाचं नाव आणि पेपर कोड लिहिला आहे, आणि पाच प्रती काढल्या आहेत. फक्त तारीख घालायची बाकी आहे.